मदत हवी आहे: क्लिकच्या जोड्यांवरून शिकवलेलं रँकिंग उलटंच येतंय

मेघना_सूची

नमस्कार मंडळी. एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीचा शोध मी सांभाळते. पुस्तकं बहुतेक मराठी. निकालांचा क्रम सध्या हाताने ठरवलेल्या वजनांवर चालतो: शब्द शीर्षकात सापडला तर 3, विषयात सापडला तर 2, वर्णनात सापडला तर 1, आणि पुस्तक वाचक किती वेळा घरी नेतात त्याचं थोडंसं वजन. ही वजनं कोणीतरी कधीतरी अंदाजाने टाकलेली आहेत. ती वाचकांच्या क्लिकवरून शिकावीत असा माझा प्रयत्न आहे. तज्ज्ञ बसवून निकालांना गुण द्यायला पैसे नाहीत, पण क्लिकचे लॉग भरपूर आहेत.

पद्धत अशी घेतली: वाचकाने तिसऱ्या निकालावर क्लिक केलं आणि पहिले दोन सोडले, तर तिसरा पहिल्यापेक्षा बरा आणि दुसऱ्यापेक्षाही बरा. अशा जोड्या काढून दोघांच्या फीचरची वजाबाकी केली आणि ती लॉजिस्टिक रिग्रेशनला दिली. सगळ्या जोड्यांचं उत्तर एकच असलं तर ते चालत नाही, म्हणून निम्म्या जोड्यांचं चिन्ह उलटं केलं आहे.

```python
d = X[clicked] - X[skipped]
s = rng.choice([-1, 1], size=len(d))
m = LogisticRegression(fit_intercept=False)
m.fit(d * s[:, None], s)
```

शिकलेली वजनं बघून चक्रावले. शीर्षकाचं वजन उणे, विषयाचं उणे, घरी नेण्याचंही उणे. 'किल्ले' शोधलं तर ज्या पुस्तकाच्या वर्णनात हा शब्द कुठेतरी एकदा आलाय ते सगळ्यात वर, आणि नावातच किल्ले असलेली पुस्तकं तळाला. पण बाजूला ठेवलेल्या जोड्यांवर तपासलं तर अचूकता उत्तम! कोडमध्ये चूक सापडत नाही. कोणी सांगू शकेल का, हे का होतंय?

निखिल_वाईकर

हा पोझिशन बायस. लोक वरच्यावर जास्त क्लिक करतात, त्याचा परिणाम. निकाल कितव्या क्रमांकावर दाखवला होता तेही एक फीचर म्हणून घाला आणि प्रत्यक्ष क्रम लावताना ते शून्य धरा. क्रमांकाचा परिणाम त्या एका वजनात जाईल आणि बाकीची वजनं स्वच्छ होतील. आमच्याकडे जाहिरातींच्या मॉडेलमध्ये हेच करतात.

अनंतराव_गणित

मेघनाताई, तुमचा कोड बरोबर आहे. दोष जोड्यांमध्ये आहे, आणि तो हातात धरून बघता येतो.

तुमच्या प्रत्येक जोडीत जिंकणारा खाली होता आणि हरणारा वर. हरणारा वर का होता? जुन्या वजनांनी त्याला जास्त गुण दिले म्हणून. म्हणजे जुन्या वजनांनी वजाबाकीला गुणलं, तर प्रत्येक जोडीसाठी उत्तर शून्य किंवा उणे येणार. आता तीच वजनं उणे करा: −3, −2, −1, आणि घरी नेण्याचंही उणे. समान गुणांच्या जोड्या सोडल्या तर सगळ्या जोड्या 'बरोबर' होतात. रिग्रेशनला सगळ्यात सोपं उत्तर हेच सापडलं, की आजचा क्रम उलटा करा. बाजूला ठेवलेल्या जोड्याही त्याच लॉगमधल्या, त्यामुळे तिथेही अचूकता छान दिसते. w_old मध्ये तुमची जुनी वजनं घालून ही ओळ चालवून बघा:

```python
(d @ w_old).max()
```

शून्याच्या वर काही आलं नाही, तर निदान पक्कं.

आणखी एक गोष्ट. वाचकाने पहिल्याच निकालावर क्लिक केलं आणि पुस्तक मिळालं, तर त्यातून तुम्हाला एकही जोडी मिळत नाही. शोध नीट चालला त्या सगळ्या वेळा मोजणीतून गळतात आणि चुकला तेवढ्याच उरतात.

निखिल, तुमचं अर्धं बरोबर आहे. जाहिरातींत प्रत्येक दाखवणं सुटं मोजतात आणि एकच जाहिरात वेगवेगळ्या जागी दिसते, तिथे हा उपाय काम करतो. इथे जोडीत जिंकणाऱ्याचा क्रमांक हरणाऱ्यापेक्षा नेहमीच मोठा असणार. मग मॉडेल सगळं श्रेय क्रमांकाला देईल आणि बाकीच्या वजनांना शिकायला फारसं उरणार नाही. ते फीचर शून्य धरल्यावर हाती काय राहतं?

मेघना_सूची

चालवली. सगळ्यात मोठं उत्तर शून्य. एकही जोडी वर नाही. म्हणजे कितीही लॉग जमवले तरी हेच येणार?

सोलापूर_पैठणी

माझं साड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. माझ्याकडे उलटा प्रकार आहे, काही साड्यांवर क्लिक खूप पण विक्री नाही. स्पर्धक मुद्दाम क्लिक करत असतील का? ताई, तुमच्या लॉगमध्येही कोणी खोटे क्लिक घुसवत असेल, आधी तेवढं बघा. एकाच आयपीवरून किती येतात ते मोजा.

अनंतराव_गणित

दादा, खोटे क्लिक हा वेगळा रोग आहे. इथे सगळे वाचक अगदी प्रामाणिक असते तरी वजनं उलटीच आली असती.

मेघनाताई, हो, लॉग वाढवून हे जात नाही. कॉर्नेलच्या थॉर्स्टन योआकिम्स यांनी 2002 मध्ये ही जोड्यांची पद्धत मांडली तेव्हाच ही अडचण त्यांना दिसली होती. त्यांनी दोन गोष्टी केल्या. जोड्यांमध्ये आणखी अटी मिसळल्या, आणि इतर शोधयंत्रांनी निकालाला दिलेल्या क्रमावर आधारलेल्या फीचरची वजनं किमान 0.01 राहतील असं बंधन घातलं. तुम्हीही 'शीर्षकाचं वजन उणे होऊ द्यायचं नाही' असं बांधू शकता. पण मग किती वजन हे डेटापेक्षा तुमचं बंधनच ठरवणार, म्हणून मला तो उपाय अपुरा वाटतो.

खरा उपाय दाखवण्याच्या वेळीच करायचा. रॅडलिन्स्की आणि योआकिम्स यांनी 2006 मध्ये मांडलेला 'फेअरपेअर्स' हा त्यातला सगळ्यात कमी त्रासाचा. निकालांच्या शेजारशेजारच्या जोड्या पाडा: कधी 1-2, 3-4, 5-6 अशा, कधी 2-3, 4-5 अशा, नाणं टाकून. मग प्रत्येक जोडीसाठी पुन्हा नाणं टाका आणि छापा आला तर त्या दोघांची अदलाबदल करून दाखवा. मोजायचं फक्त जोडीतल्या खालच्यावरचं क्लिक: खालचा वरच्यापेक्षा बरा. वरच्यावरचं क्लिक सोडून द्यायचं. दोन्हींवर झालं तर ती जोडी मी तरी टाकून देतो.

समजा 'किल्ले'साठी अ आणि ब शेजारी आहेत आणि अ खरोखर बरं पुस्तक आहे. 200 वेळा जोडी दाखवली. तुमच्या आजच्या पद्धतीत अ कायम वर. त्यातून ब च्या बाजूने 24 जोड्या निघाल्या, तर अ च्या बाजूने शून्य, कारण तशी जोडी निघायला जागाच नाही. निकाल 24-0, चुकीच्या बाजूने.

आता अदलाबदल करा. 100 वेळा अ वर आणि ब खाली, त्यात ब ला 12 क्लिक. 100 वेळा ब वर आणि अ खाली, त्यात अ ला 30. आता 30-12, अ च्या बाजूने. खाली असण्याचा तोटा दोघांनाही सारखाच झाला, त्यामुळे उरलेला फरक पुस्तकांचा. तो योगायोग आहे का तेही बघा: 42 मध्ये नाणेफेकीने 21 यावेत, इकडेतिकडे साधारण 3. इथे 9 चा फरक आहे, म्हणजे भरवशाचा. जोडीला 6-4 असेल तर काहीच समजू नका. पण शिकताना अशा सगळ्या जोड्या एकत्र येतात, त्यामुळे प्रत्येक जोडी सुटी सिद्ध व्हायची गरज नाही. रिग्रेशनचा तुमचा कोड आहे तसाच ठेवा.

निखिल_वाईकर

क्रमांकाच्या फीचरचं पटलं. पण वाचकांना मुद्दाम वाईट निकाल वर दाखवायचा? आमच्याकडे हे कोणी मंजूर करणार नाही. त्यापेक्षा जे खाली दिसले आणि क्लिक झाले नाहीत त्यांनाही हरलेले धरलं तर? म्हणजे पहिल्यावर क्लिक झालं तर 1 हा 2 पेक्षा बरा. मग दोन्ही दिशांच्या जोड्या मिळतील आणि अदलाबदलही नको.

अनंतराव_गणित

मिळतील, पण ती दुसरी दिशा बव्हंशी 'वर होता म्हणून क्लिक झाला' एवढंच सांगेल. 2005 मध्ये कॉर्नेलमध्ये विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून अभ्यास झाला. त्यात काहींना गूगलचे निकाल न सांगता उलट्या क्रमाने दाखवले होते, तरी वरच्या निकालांकडे कल राहिलाच. तुमच्या मिश्रणात एक दिशा क्रम उलटा करायला सांगते आणि दुसरी आहे तोच ठेवायला. शेवटी वजनं कुठे थांबतील ते कुठल्या जोड्या जास्त जमल्या त्यावर ठरेल.

वाचकाच्या त्रासाबद्दल: कुठलाही निकाल एका जागेपेक्षा जास्त हलत नाही. दुसरा पहिला झाला, एवढंच. तुमच्या मंजुरीवाल्यांना हे मोजून दाखवा.

मेघना_सूची

हे आमच्याकडे करता येईल. एक अडचण दिसते. वाचक पुस्तकाच्या पानावर जाऊन मागे येतो, तेव्हा निकाल पुन्हा काढले जातात. पुन्हा नाणं टाकलं तर त्याच्यासमोर क्रम बदलेल, आणि लॉगमध्ये कुठला क्रम खरा धरायचा? शिवाय नेहमीचे शोध आम्ही कॅश करतो.

अनंतराव_गणित

नाणं सत्राच्या आणि शोधशब्दांच्या हॅशवरून काढा. त्याच वाचकाला त्या शोधासाठी तोच क्रम दिसेल, दुसऱ्याला वेगळा. कॅशमध्ये मूळ क्रम ठेवा आणि अदलाबदल त्यानंतर करा. नाहीतर एकच नाणेफेक शेकडो जणांना दिसेल. लॉगमध्ये मूळ आणि दाखवलेला असे दोन्ही क्रम लिहा. आठवडाभराने फक्त एवढं मोजा की प्रत्येक जोडी निम्म्या वेळा उलटी दिसली का. 70-30 आलं तर कॅश कुठेतरी मध्ये येतोय.

एक मर्यादा आधीच सांगतो. जोड्या शेजारच्याच, त्यामुळे चाळिसाव्या जागी अडकलेलं चांगलं पुस्तक स्वतःच्या क्लिकने वर येणार नाही, तिथपर्यंत वाचक पोचतच नाही. वरच्या जोड्यांतून शिकलेली वजनं त्याला उचलतील तेवढाच त्याला आधार.

सोलापूर_पैठणी

मी आधी प्रश्न चुकीचा समजलो होतो. आता माझा खरा प्रश्न: माझ्या दुकानात मोबाइलवर दोन-दोन साड्या शेजारी दिसतात. मग जोडीतली 'खालची' कुठली? उजवीकडची की पुढच्या ओळीतली?

अनंतराव_गणित

याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. एका ओळीतल्या दोघींची डावी-उजवी अदलाबदल करून दोन्ही जागांवरचे क्लिक मोजता येतील. पण उजवीकडच्या साडीवर क्लिक करणाऱ्याने डावीकडची बघून सोडली, असं धरायला माझं मन तयार नाही. शिवाय फोटोचा प्रश्न आहे. अदलाबदल केल्याने जागेचा परिणाम जातो, आकर्षक फोटोचा जात नाही. तुमचे क्लिक खूप आणि विक्री नाही, ते त्यामुळेही असेल.

मेघना_सूची

तोच फोटोचा मुद्दा आमच्याकडेही आहे. दिवाळी अंकांपैकी काहींना मुखपृष्ठाचं चित्र आहे, बऱ्याच जुन्यांना नाही. 'चित्र आहे' हे फीचर म्हणून घालून क्रम लावताना शून्य धरावं का? निखिल यांचा उपाय इथे लागू पडेल असं वाटतं, कारण अदलाबदलीनंतर चित्रवाला कधी जिंकेल, कधी हरेल.

निखिल_वाईकर

पडेल. फक्त चित्र असलेले अंक बहुतेक नवे असतील, तर 'नवं' आणि 'चित्र' यांची वजनं एकमेकांत मिसळतील. थोड्या जुन्या अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करून टाकता आली, तर दोन्ही वेगळी होतील.

मेघना_सूची

1960 च्या आधीचे काही अंक स्कॅनिंगला जाणारच आहेत. त्यांची मुखपृष्ठं आधी मागून घेते. अदलाबदल उद्यापासून फक्त पहिल्या दहा निकालांवर चालू करतेय, वजनं आली की इथेच टाकेन.