मदत हवी आहे : ‘टीम तरुण आहे’ असे लिहिणाऱ्या भरती सल्लागाराला ५४ व्या वर्षी काय उत्तर द्यावे?

जुना_खतावणीवाला :

नमस्कार. मी सोलापूरचा, वय ५४. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात २३ वर्षे हिशेब पाहिले, त्यांपैकी शेवटची ९ वर्षे लेखा व्यवस्थापक म्हणून. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी माग विकले आणि आम्ही सगळेच मोकळे झालो. आता पुण्याच्या एका भरती सल्लागार बाईंनी चिंचोळी एमआयडीसीतील एका कंपनीच्या अकाउंट्स मॅनेजरच्या जागेसाठी माझा बायोडेटा घेतला आहे. फोनवरचे बोलणे चांगले झाले, पण काल त्यांचा मेल आला. त्याचा मथितार्थ असा की, क्लायंटची टीम बरीच तरुण आहे, काम नव्या सॉफ्टवेअरवर आणि वेगाने चालते, तरी या वातावरणात आपण कितपत रुळाल याबद्दल थोडे लिहून पाठवावे.

‘वय’ हा शब्द मेलमध्ये कुठेही नाही, पण प्रश्न वयाचाच आहे हे मला कळते. उत्तर इंग्रजीतच जाईल, पण मला आधी मराठीत मांडल्याशिवाय सुचत नाही, म्हणून कच्चा मसुदा इथे देतो :

‘माझे वय ५४ असले तरी माझी प्रकृती उत्तम आहे. मला तीस वर्षांचा दांडगा अनुभव आहे. नवीन तंत्रज्ञान शिकण्याची माझी मनापासून तयारी आहे. तरुण सहकाऱ्यांना मी मुलांप्रमाणे सांभाळून घेईन.’

मुलाने हे वाचले आणि म्हणाला, ‘बाबा, या चारही वाक्यांतून तुम्ही म्हातारे आहात एवढेच कळते.’ तो म्हणतो ते खरे आहे, पण मग लिहावे काय?

निवृत्त_बँकवाले :

आपल्याला खोटी आशा दाखवू इच्छित नाही. राज्य शासनाच्या नोकरीत खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा आहे, त्यामुळे ५४ व्या वर्षी अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही. मी स्वतः ५२ व्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून एका पतसंस्थेचे काम पाहतो. पगार निम्म्याहून कमी आहे, पण मानसन्मान मिळतो. आपणही पतसंस्थांकडे पाहावे.

जुना_खतावणीवाला :

आपला सल्ला मनात ठेवतो, साहेब. मात्र ही जागा खासगी कारखान्यातील आहे आणि सध्या प्रश्न त्या एका मेलच्या उत्तरापुरता आहे.

हिशेब_चोख :

वय लपवावे, हे सर्वांत सोपे. बायोडेटामधून जन्मतारीख आणि पदवीचे वर्ष काढून टाका, शेवटच्या पंधरा वर्षांचेच काम ठेवा. शिवाय वयावरून नाकारणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्या बाईंना सौम्य शब्दांत कळवून ठेवा, म्हणजे त्या सावध होतील.

भरतीतली_ताई :

मी मूळची सोलापूरची आहे. पुण्यात सतरा वर्षे कंपन्यांसाठी माणसे शोधण्याचे काम केले, आता ते सोडले आहे. हिशेब_चोख यांचे बायोडेटाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण ते पहिला बायोडेटा पाठवण्यापूर्वी करायचे असते. इथे बाईंकडे सगळी वर्षे आधीच गेलेली आहेत. आता ती गाळून नवा बायोडेटा पाठवला, तर काय काढले तेवढेच त्यांच्या लक्षात येईल. कायद्याचे मात्र चुकले आहे. खासगी नोकरीत वयावरून नाकारण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, आणि कायद्याची भाषा वापरणाऱ्या उमेदवाराची फाइल कुठलाही सल्लागार पुढे सरकवत नाही.

दादा, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. त्या बाई निर्णय घेणार नाहीत. त्या तुमच्या ओळी उचलून क्लायंटच्या मेलमध्ये चिकटवणार आहेत. त्यांनी प्रश्न विचारला, याचा अर्थ बहुधा क्लायंटने शंका काढली आणि बाईंना तुमच्या बाजूने मांडायला काहीतरी हवे आहे. म्हणून असे लिहा की त्यांना एक शब्दही बदलावा लागू नये.

तुमच्या मसुद्यातील मोठा दोष असा की तो सगळा भविष्यकाळात आहे. ‘तयारी आहे’, ‘सांभाळून घेईन’ असे पन्नाशीचा प्रत्येक उमेदवार लिहितो, आणि ते तपासता येत नसल्यामुळे त्याची किंमत शून्य. प्रकृतीचा तर कोणी प्रश्नच विचारला नव्हता. तो विषय तुम्ही स्वतः काढलात. ‘मुलांप्रमाणे’ हा शब्द तर पार काढून टाका, कारण तुमचा वरिष्ठच ३६ वर्षांचा असण्याची शक्यता आहे.

त्याऐवजी मला एवढे सांगा : गेल्या तीन वर्षांत तुमच्या कामात कोणती नवी गोष्ट आली, ती तुम्ही कशी शिकलात, पहिल्यांदा काय फसले आणि शेवटी काय बदलले?

जुना_खतावणीवाला :

ताई, असे कोणी विचारलेच नव्हते. आठवते ते लिहितो.

१ ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणे, लागू झाले आणि त्यात आम्ही आलो. पहिल्याच सकाळी चौदा बिलांपैकी पाच पोर्टलने परत पाठवली. गाडी भरून दारात उभी, चालक हॉर्न वाजवतो आहे, आणि आम्हाला कारण कळेना. शेवटी लक्षात आले की हैदराबादच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यात राज्य अजून ‘आंध्र प्रदेश’च राहिले होते आणि पिन कोड तेलंगणाचा होता, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नव्हता. तेलंगणा २०१४ मध्येच वेगळे झाले होते, पण तोवर आमचे कुठे अडले नव्हते. त्या आठवड्यात मी टॅलीतील सगळी खाती काढून बसलो आणि ६१ पत्ते दुरुस्त केले. त्यानंतर या कारणाने एकही बिल परत आले नाही.

दुसरी गोष्ट इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जुळवण्याची. दर महिन्याच्या १४ तारखेला पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, येते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरायचे असते. मधल्या सहापैकी चार दिवस पोर्टलवरील बिले आणि आमचे खरेदी रजिस्टर एकमेकांशी ताडून पाहण्यातच जात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पोर्टलवर बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय आली, तेव्हा काम आणखी वाढले. आमच्या ऑफिसातील २५ वर्षांच्या मुलीने मला एक्सेलमधील पॉवर क्वेरी ही तक्ते आपोआप जुळवण्याची सोय दाखवली. तीन रविवार घरी सराव केला. आता चार दिवसांचे काम एका सकाळीत होते.

आकडेमोड_२९ :

मी २९ वर्षांचा आहे, होटगी रोडवर एका सीएंच्या ऑफिसात काम करतो, तेव्हा ‘तरुण टीम’च्या बाजूने बोलतो. आम्हाला वरिष्ठांच्या वयाचा त्रास नसतो. प्रत्येक तक्ता छापून मागणारे आणि ‘तू माऊस चालव, मी सांगतो’ म्हणणारे वरिष्ठ असतील, तर मात्र त्रास होतो. म्हणून त्या मुलीकडून शिकलात, हे मेलमध्ये अवश्य लिहा. तुमच्या संपूर्ण उत्तरातील मला ते सर्वांत बोलके वाटले.

एक शंका आहे. आमच्याकडे पुरवठादार बिल क्रमांक ‘एसटी/०२४/२४-२५’ असा टाकतो आणि आमचा मुलगा खरेदीत नुसते ‘२४’ लिहितो, त्यामुळे पॉवर क्वेरीतही जुळत नाही. तुम्ही याचे काय केलेत? मुलाखतीत हे नक्की विचारतील.

जुना_खतावणीवाला :

अगदी हेच झाले होते. पहिल्या महिन्यात जवळजवळ तिसरा हिस्सा जुळला नाही. मग बिल क्रमांकावर जुळवणे सोडले. जीएसटी क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम या तिन्हींवर जुळवले, आणि रकमेत एक रुपयाचा फरक चालवून घेतला. एकाच दिवशी एकाच रकमेची दोन बिले आली, तर ती अजूनही हाताने पाहावी लागतात.

भरतीतली_ताई :

दादा, हे उत्तर ज्याने काम स्वतः केले आहे त्यालाच देता येते. आता मेल लिहा. दहा-बारा वाक्यांच्या पुढे जाऊ नका आणि जे येत नाही तेही एका वाक्यात सांगा.

जुना_खतावणीवाला :

हा नवा मसुदा :

‘आपल्या मेलबद्दल आभार. नव्या सॉफ्टवेअरवर आणि तरुण सहकाऱ्यांबरोबर काम करण्याबद्दल आपण विचारले, म्हणून अलीकडच्या कामातील दोन उदाहरणे देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या कारखान्यात ई-इनव्हॉइस सुरू करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी चौदापैकी पाच बिले नाकारली गेली. गिऱ्हाइकांच्या पत्त्यातील राज्य आणि पिन कोड यांचा मेळ नसल्याचे शोधून मी आठवडाभरात ६१ खाती दुरुस्त केली. इनपुट क्रेडिट जुळवण्यासाठी मी माझ्या कनिष्ठ सहकारी बाईंकडून पॉवर क्वेरी शिकलो आणि चार दिवसांचे काम अर्ध्या दिवसावर आणले. त्या फाइलचा नमुना, नावे आणि रकमा बदलून, सोबत जोडला आहे. आपल्या क्लायंटकडे टॅलीऐवजी सॅप असल्यास, ते मी अजून वापरलेले नाही, हे आधीच नमूद करतो. माझे काम पारखण्यासाठी क्लायंटने तासाभराची प्रत्यक्ष चाचणी घेतल्यास मला आनंद होईल. या जागेचा वरिष्ठ माझ्यापेक्षा वयाने लहान असल्यास मला अडचण नाही. मागील चार वर्षे मी मालकांच्या ३३ वर्षांच्या मुलालाच रिपोर्ट करत होतो.’

भरतीतली_ताई :

उत्तम. एकच बदल करा. ‘मला अडचण नाही’ एवढे काढा आणि ‘मागील चार वर्षे मी ३३ वर्षांच्या संचालकांना रिपोर्ट करत होतो’ एवढेच ठेवा. अडचण नाही म्हटले की ती असेल असा संशय येतो. नमुन्याच्या फाइलमध्ये मात्र एकाही पुरवठादाराचा खरा जीएसटी क्रमांक राहू देऊ नका. माणूस जुन्या मालकाची माहिती बाहेर नेतो, असे दिसले तर वयाचा प्रश्न येण्याआधीच विषय संपेल.

हिशेब_चोख :

कायद्याबद्दल माझी चूक झाली, मान्य. पण खरी अडचण वेगळीच आहे. बऱ्याच कारखान्यांत निवृत्तीचे वय ५८ असते. म्हणजे यांच्याकडे चारच वर्षे उरली. क्लायंट तोच हिशेब करत असेल, तर पॉवर क्वेरी येऊन काय उपयोग? मेलमध्येच सरळ विचारा की त्यांच्याकडे निवृत्तीचे वय ५८ आहे की ६०.

भरतीतली_ताई :

मी विचारले नसते. पहिल्या मेलमध्ये निवृत्तीचा शब्द उमेदवाराने स्वतः काढू नये, असे माझे मत आहे. त्यांनी काढला, तर चार वर्षांत हाताखाली माणूस तयार करून देईन, असे सांगता येते.

आकडेमोड_२९ :

माझे मत उलट आहे. कमाल वय आधीच ठरलेले असेल, तर कितीही चांगला मेल लिहून काहीच होणार नाही. मग दोन महिने वाट पाहण्यापेक्षा आजच कळलेले बरे.

जुना_खतावणीवाला :

दोन्ही बाजू पटल्या, म्हणून रात्री उशिरापर्यंत मन ठरत नव्हते. शेवटी ताईंचा बदल करून मेल पाठवला आणि निवृत्तीचा प्रश्न त्यात न घालता आज सकाळी बाईंना फोनवर विचारला. त्या म्हणाल्या, ‘विचारून सांगते.’ तासाभराने मेल आला : क्लायंटने माझी नमुना फाइल पाहिली, शुक्रवारी अकरा वाजता चिंचोळीला बोलावले आहे, आणि तिथे त्यांच्याच एका महिन्याची २बी जुळवून दाखवायची आहे. ५८ की ६०, याबद्दल मेलमध्ये एक अक्षरही नव्हते.

आकडेमोड_२९, एकाच दिवशी एकाच रकमेची दोन बिले आली, तर तुम्ही लोक ती कशी वेगळी करता, ते गुरुवारपर्यंत सांगू शकाल का?