ईशाचा कुकिंग कोर्स (बी विंगचा ग्रुप, रविवार)

वैशाली बी-३०४: सगळ्यांना विचारायचंय, कालपासून डोकं फिरलंय माझं. ईशाला बारावी कॉमर्सला ६४ टक्के पडलेत आणि तिला किचनमध्येच जायचंय, शेफ व्हायचंय. आमच्या ह्यांनी मला न विचारता स्टेशनजवळच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये २५ हजार टोकन भरून टाकलं, एक वर्षाचा इंटरनॅशनल डिप्लोमा, एकूण २ लाख ४० हजार. कोणाला ह्यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारपर्यंत पुढचा हप्ता मागतायत

जोगळेकर ए-५०१: आधी बी.कॉम. करू दे. पदवी हातात हवी. मग काय ते किचन.

प्रशांत बी-२०३: वहिनी उगीच घाबरताय, चांगली इन्स्टिट्यूट आहे, माझ्या ओळखीतला मुलगा दुबईला आहे तिथून. ब्रोशर परत टाकतो. १०० टक्के प्लेसमेंट, आयएसओ सर्टिफाइड, सहा महिने इंटर्नशिप

नीता (सेक्रेटरी) ए-२०२: वैशाली ताई नंतर बोलू ना. उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा. आणि बी विंगमधली ती पांढरी गाडी कोणाची, तिसऱ्यांदा विचारतेय

वैशाली बी-३०४: नीता ताई माझं अडीच लाखांचं आहे, गाडीचं नंतर विचारा

सावंत काका बी-१०२: वैशाली, घाई करू नको. मी ३४ वर्षं हॉटेलच्या किचनात काढलीत, कामी थ्री म्हणजे किचनातली सगळ्यात खालची पायरी, तिथून एक्झिक्युटिव्ह शेफपर्यंत, आणि कामाला पोरं मीच घ्यायचो. मुलीने आणलेल्या कागदावर आम्ही दोनच गोष्टी बघायचो. सर्टिफिकेट दिलं कोणी, आणि ट्रेनिंगमध्ये ती कुठल्या कुठल्या सेक्शनला उभी राहिली. आयएसओ म्हणजे त्यांचं ऑफिस ठरलेल्या पद्धतीने चालतं एवढंच, त्याने कोर्सला मान्यता मिळत नाही. पदवी फक्त कायद्याने तो अधिकार मिळालेलं विद्यापीठ किंवा संस्थाच देऊ शकते, पण डिप्लोमा हा शब्द कोणीही छापतं. म्हणून डिप्लोमा कोणाचा हे आधी विचार.

प्रशांत बी-२०३: काका तुमचा काळ वेगळा होता

सावंत काका बी-१०२: कांदा कापायची पद्धत तीच आहे रे बाबा

मीनल ए-४०२: 😂😂

वैशाली बी-३०४: मग सरकारी काय आहे काका? हॉटेल मॅनेजमेंटची एंट्रन्स, ती जेईई, तर होऊन गेली ना

रोहन बी-४०१: काकू मी आयएचएमला म्हणजे सरकारी हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटला डिग्रीला आहे, बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी अँड हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशन, तीन वर्षांची, पदवी जेएनयूची मिळते. एंट्रन्स डिग्रीलाच लागते. पण हॉटेल मॅनेजमेंटच्या ज्या नॅशनल कौन्सिलचा हा डिग्री कोर्स आहे त्याच कौन्सिलचा डिप्लोमा इन फूड प्रॉडक्शन आहे दीड वर्षाचा, बारावी पास, इंग्रजी विषय हवा, ॲडमिशन थेट इन्स्टिट्यूटमध्ये, जेईई नाही. एक वर्ष कॉलेज आणि नंतर २४ आठवडे हॉटेलमध्ये ट्रेनिंग. आणि खरं सांगू, ज्याला फक्त किचनच करायचंय त्याला डिग्रीत किचन कमी मिळतं. आमची दुसऱ्या वर्षातली आयटी चार डिपार्टमेंटमध्ये वाटतात, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, सर्व्हिस आणि किचन, त्यात किचनच्या वाट्याला मला महिना-सव्वा महिना आला. डिप्लोमावाले त्याच हॉटेलमध्ये सगळे २४ आठवडे किचनातच होते, ते माझ्यापेक्षा हाताने कितीतरी फास्ट झाले

वैशाली बी-३०४: आयटी म्हणजे कंप्युटर?

रोहन बी-४०१: नाही नाही काकू, इंडस्ट्रियल ट्रेनिंग

जोगळेकर ए-५०१: डिप्लोमाला कोण विचारतं? बी.कॉम. करा. पदवी हातात हवी.

मीनल ए-४०२: जोगळेकर काका वाचलं आम्ही. मी हॉटेलच्या एचआरमध्ये आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. डिप्लोमावाल्याला आम्ही कामी थ्री किंवा ट्रेनी म्हणून घेतो, डिग्रीवालाही किचनमध्ये तिथूनच सुरू करतो, पहिली दोन-तीन वर्षं फरक नाही. फरक पुढे पडतो. मोठ्या चेनचे मॅनेजमेंट ट्रेनी प्रोग्रॅम असतात, ओबेरॉयच्या ट्रेनिंग सेंटरचं, ओसीएलडीचं, किचन मॅनेजमेंट वगैरे, तिथे सहसा हॉटेल मॅनेजमेंटची पदवीच मागतात. आयआरसीटीसीच्या हॉस्पिटॅलिटी मॉनिटरच्या जाहिरातीतही पदवी. म्हणजे ईशाला हाताने शिजवायचंय की पुढे जाऊन किचन चालवायचंय, हे तिला नीट विचार

सुमन काकू ए-१०१: अगं पण मटण कापायला लावतील त्याचं काय? आपल्यासारख्या घरच्या मुलीला

डिसोझा आंटी बी-४०३: आपल्यासारख्या म्हणजे?

नीता (सेक्रेटरी) ए-२०२: कृपया ग्रुपवर वैयक्तिक नको 🙏

रोहन बी-४०१: शाकाहारी पर्याय आहे काकू, २०१६ पासून अहमदाबाद, भोपाळ, जयपूरच्या आयएचएमने सुरू केला. पण तो कॉलेजात. ट्रेनिंगला हॉटेलात गेलं की बुचरी सेक्शन असतोच, तिथे पाठवणार नाही असं कोणी लिहून देत नाही

वैशाली बी-३०४: सुमन काकू ईशा चिकन आमच्यापेक्षा चांगलं करते, तो प्रश्न नाहीये. प्रशांत भाऊजी, त्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट नक्की कोणाचं? ब्रोशरमध्ये परदेशातल्या कुठल्यातरी बोर्डाचा लोगो आहे

प्रशांत बी-२०३: इंटरनॅशनल आहे ना वहिनी. ब्रोशर परत टाकतो

सावंत काका बी-१०२: ब्रोशर तीनदा आलं प्रशांत, तिथल्या एकाही पोराचा बोर्डाकडचा रजिस्ट्रेशन नंबर नाही आला. परदेशी बोर्ड सगळेच खोटे नसतात. सिटी अँड गिल्ड्स ही खरी ब्रिटिश संस्था आहे, हॉटेलवाले ओळखतात, पण तिथे विद्यार्थ्याचं नाव त्यांच्याकडे नोंदवावं लागतं आणि त्याचा नंबर मिळतो. ईशाने जाऊन विचारायचं, माझी नोंदणी तुमच्या नावाने होणार की त्या बोर्डाकडे, कधी होणार, फी ह्यातच आहे का. मागच्या बॅचचं एक खरं सर्टिफिकेट हातात घेऊन बघायचं, वर नाव बोर्डाचं आणि खाली सही फक्त इन्स्टिट्यूटच्या मालकाची असेल तर ते इन्स्टिट्यूटचंच सर्टिफिकेट. स्किल इंडियाचं असेल तर जॉब रोल आणि एनएसक्यूएफ लेव्हल म्हणजे कौशल्याची सरकारी पातळी लिहिलेली असते, कामी शेफ असं, पर्यटन-हॉस्पिटॅलिटीच्या स्किल कौन्सिलचं नाव असतं. ते वाईट नाही पण त्याला अडीच लाख द्यायचे नसतात.

वैशाली बी-३०४: आणि सहा महिने इंटर्नशिप?

सावंत काका बी-१०२: इथेच सगळी गफलत होते. इंटर्नशिप सहा महिने हे खरं असतं, पण कुठे? माझ्याकडे एक मुलगा आला होता खाजगी डिप्लोमा घेऊन, पत्रावर सहा महिने लिहिलेले. ट्रेड टेस्टला उभा केला, म्हटलं ऑम्लेट कर, मग एक साधा व्हाइट सॉस कर. ऑम्लेट तव्याला चिकटलं आणि सॉसमध्ये गुठळ्या. विचारलं तर सहाही महिने केटररकडे, लग्नाच्या बुफेसाठी पनीर कापणं आणि सॅलड लावणं. त्या पोराची चूक नव्हती, त्याला कोणी फिरवलंच नाही. आयटी नीट झाली असेल तर पोरगं मुख्य किचनची हॉट रेंज, गार्दमांजे म्हणजे थंड विभाग, इंडियन आणि तंदूर, बेकरी, बँक्वेट असं फिरतं आणि रोज लॉग बुक लिहितं, त्यावर सेक्शनच्या शेफची सही असते. म्हणून ब्रोशर नको, मागच्या बॅचच्या दोन पोरांची लॉग बुकं मागा. दाखवायला नाही म्हणाले तर समजा.

मीनल ए-४०२: आणि शेवटी पत्र हॉटेलच्या लेटरहेडवर हवं, तारखा आणि डिपार्टमेंट लिहिलेलं, एचआर किंवा ट्रेनिंग मॅनेजरच्या सहीचं. इन्स्टिट्यूटने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं इंटर्नशिप सर्टिफिकेट आम्ही बाजूला ठेवतो

प्रशांत बी-२०३: तुम्ही सगळे मिळून एका इन्स्टिट्यूटचं नाव खराब करताय

वैशाली बी-३०४: नाव कोणीच घेतलं नाहीये भाऊजी

जोगळेकर ए-५०१: पुन्हा सांगतो. पदवी.

रोहन बी-४०१: काका ऐका ना, पदवी पण होईल. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिली आहे. एक रोज जायचं आणि एक मुक्त विद्यापीठातून. ईशा दिवसा डिप्लोमा करेल आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम., नाशिकवालं. फक्त मीनल ताई म्हणते त्या प्रोग्रॅमना बी.कॉम. चालणार नाही, तिथे हॉटेलचीच पदवी लागते. आणि २४ आठवड्यांची आयटी परीक्षेच्या वेळेला आली तर ओढाताण होईल, ते आधी कॅलेंडर बघून ठरवायला हवं

जोगळेकर ए-५०१: मुक्त विद्यापीठ चालेल. हे कोणी आधी सांगितलं नाही.

डिसोझा आंटी बी-४०३: माझा भाचा मडगावचा, आयटीआय केलं त्याने, फूड प्रॉडक्शन जनरल, एक वर्षाचं, दहावीवर होतं. सरकारी फी. मग हॉटेलात अप्रेंटिस, मग चार वर्षं हॉटेलात, आणि आता क्रूझ शिपवर. पण शिपवर सर्टिफिकेटवर नाही घेत कोणी, आधी हॉटेलचा अनुभव विचारतात, आणि एसटीसीडब्ल्यूचे सेफ्टी कोर्स वेगळे करावे लागतात, आग विझवणं वगैरे. एजंट लोक सांगतात डिप्लोमा झाला की शिप, तसं नाही होत

सावंत काका बी-१०२: बरोबर आंटी. आयटीआयला लोक नाक मुरडतात, पण त्याचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट देशभर चालतं आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. फक्त कॉन्टिनेंटल आणि बेकरी किती शिकवतात ते कॉलेजवर आहे, किचन बघूनच ठरवा. बर्नर किती आणि मुलं किती ते मोजा. वीस पोरं चार बर्नरच्या एका रेंजभोवती उभी असतील तर सोळा जण नुसती बघतात.

सुमन काकू ए-१०१: पगार किती हो सुरुवातीला? मुलीच्या नाईट शिफ्टचं पण सांगा

मीनल ए-४०२: काकू कामी थ्रीचा पगार कमीच, घरातून निघून भाड्याने राहायचं तर भागत नाही, ट्रेनिंगचा स्टायपेंड तर नावापुरता. ब्रेकफास्टची शिफ्ट पहाटेची, बँक्वेटला मध्यरात्र. चांगली हॉटेलं मुलींना घरी सोडायला गाडी देतात, ट्रेनिंगसाठी हॉटेल ठरताना हे विचारून घ्या, नुसता स्टार बघू नका

नीता (सेक्रेटरी) ए-२०२: पांढरी गाडी हलवा प्लीज, टँकर येऊ शकत नाहीये

प्रशांत बी-२०३: माझी आहे. हलवतो

वैशाली बी-३०४: ईशा इथेच बसलीय, सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं किचनच करायचं, ऑफिस नको, म्हणजे डिप्लोमा इन फूड प्रॉडक्शन आणि सोबत मुक्त विद्यापीठ. उद्या फोन करून बघते कुठल्या आयएचएमला ह्या वर्षी हा डिप्लोमा आहे. टोकनचं काय करू काका, परत देतील?

सावंत काका बी-१०२: रोहन म्हणाला त्या कौन्सिलच्या साइटवर इन्स्टिट्यूटप्रमाणे यादी बघा, प्रत्येक ठिकाणी सगळे डिप्लोमे नसतात. टोकनची पावती आधी वाच, परतीची अट तिथे छापलेली असते. अट नसेल तर आजच लेखी ईमेल कर, फोनवर नको. तिथे रद्द करण्याआधी दुसरीकडे जागा आहे ना ते पक्कं कर.

वैशाली बी-३०४: पावतीवर नॉन-रिफंडेबल लिहिलंय 😔

मीनल ए-४०२: तरी ईमेल कर ताई. २५ जातील असं धरून चाल, पण अजून २ लाख १५ हजार तुझ्याकडेच आहेत

रोहन बी-४०१: काकू माझं लॉग बुक आठ वाजता आणून देतो, ईशाला दाखवा. बँक्वेटचे आठवडे जास्त दिसतील, तेव्हा लग्नाचा सीझन होता