मदत हवी आहे: मुलाच्या पीपीएफमध्ये अजून किती भरता येतील?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. मी नोकरदार, ठाण्यात राहतो. माझ्या पीपीएफमध्ये यंदा १ लाख गेलेत, बाकीचे ५० हजार मार्चच्या आत भरणार आहे. मुलीच्या सुकन्या खात्यात दीड लाख भरून झालेत. आठ वर्षांच्या मुलाचंही पीपीएफ उघडलंय, पालक मीच, सध्या त्यात ५०० रुपये आहेत. बोनसमधले ५० हजार त्यात टाकले तर चालतील का? मी नव्या करप्रणालीत आहे. व्याजावर कर लागेल का?

सागर_कळवा
मर्यादा संपली की तुमची! सगळं धरून दीड लाखच, सुकन्यासुद्धा त्यातच.

सुलभा नौपाडा
सागर, दीड लाखात सगळं एकत्र धरतात ते ८० सीच्या वजावटीसाठी, आणि ती जुन्या प्रणालीतच मिळते. पैसे भरायची मर्यादा वेगळी. सुकन्याचे दीड लाख स्वतंत्र आहेत.

पीपीएफचं मात्र तसं नाही. तुमचं खातं आणि तुम्ही पालक असलेलं मुलाचं खातं, दोन्ही मिळून वर्षाला दीड लाख. १ लाख आणि ५०० गेले, म्हणजे ४९,५०० उरले. ते हवे तसे दोघांत वाटा. दोन्हीकडे ५०-५० हजार भरलेत तर ५०,५०० जादा होतील. त्यावर व्याज मिळत नाही, नुसती मुद्दल परत येते. खाती दोन बँकांत असली तर भरताना कोणी अडवत नाही, म्हणून हिशोब आपणच ठेवायचा.

व्याज दोन्ही योजनांत करमुक्तच आहे, नव्या प्रणालीतही.

ऐरोलीचे आजोबा
नातीचं सुकन्या मी उघडलं होतं. पोस्टात म्हणतात, पालक बदला. हे खरं का?

सुलभा नौपाडा
खरं आहे, काका. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर खातं आई किंवा वडिलांच्या नावे करून घ्यायचं, असं २०२४ मध्ये ठरलंय. मुलाला किंवा सुनेला पासबुक घेऊन सोबत न्या.

घोडबंदरकर
ताई, मनापासून आभार. बायकोचंही पीपीएफ आहे, पण ती त्यात जेमतेम ५ हजार भरते. तिला मी पैसे दिले तर?

सुलभा नौपाडा
जरूर द्या. तिची दीड लाखांची मर्यादा तिची स्वतःची. नवऱ्याने दिलेल्या पैशावर तिला कर नाही. त्यातून होणारं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात धरायचा नियम आहे, पण पीपीएफचं व्याजच करमुक्त असल्याने तिथे काही भरावं लागत नाही. पुढे मुदत संपल्यावर तीच रक्कम तिने एफडीत ठेवली, तर ते व्याज तुमच्याकडे धरलं जाऊ शकतं. म्हणून दिलेल्या पैशाची नोंद आजपासून ठेवा.

घोडबंदरकर
मग ५० हजार तिच्याच खात्यात टाकतो. मुलाच्या खात्यावर माझ्याऐवजी तिला पालक करता येईल का?

सागर_कळवा
मी माझ्या शाखेत विचारलं होतं. दोघंही हयात असताना नाही म्हणाले, पण लेखी काही दिलं नाही. कोणी करून घेतलंय का?

सुलभा नौपाडा
बदल झाला तरी मुलाची रक्कम मग तिच्या दीड लाखात मोजली जाईल, एवढं ध्यानात ठेवा.