अरबीतला 'कम': पुढे 'किताबन्' की 'किताबिन्', आणि हे शेवट शिकायचे कशाला?

पानगळ:
वर्गात 'तुझ्याकडे किती पुस्तकं आहेत' याचं मी 'कम कुतुब इंदक' असं केलं. सरांनी खोडून 'कम किताबन् इंदक' लिहिलं. पुढच्याच धड्यात मात्र 'कम किताबिन्' छापलंय आणि तेही बरोबर म्हणे. आखातात राहून आलेले लोक सांगतात की हे अन्-इन् कोणी बोलतच नाही. मग शिकायचं कशाला? आणि 'किती' म्हटल्यावर एकवचन कुठून आलं?

सरळवाट:
शिकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एकवचन पक्कं करा, शेवट सोडून द्या. कैरोत 'काम किताब', दमास्कसमध्ये 'कम क्ताब', कुवेतमध्ये तर 'कम'चा 'चम' होतो, पण तिन्हीकडे पुढचं नाम एकवचनीच राहतं आणि त्याला शेवट नसतो. म्हणजे बोलीनं जे टिकवलं ते एकवचन, जे टाकलं ते अन्-इन्. नव्या माणसानं दोन्ही एकदम उचललं की तो बोलायचाच थांबतो. 'कम कुतुब' ही चूक मात्र सगळीकडे कानाला खटकते, तेवढी सुधारा.

नह्वप्रेमी:
सरळवाट, एकवचनाबद्दल पूर्ण सहमत. शेवटाबद्दल नाही, कारण तो गेला की वाक्याचा अर्थच दोनपैकी कुठला ते कळत नाही.

पानगळताई, तुमच्या दोन धड्यांत दोन वेगळे 'कम' आहेत. पहिला प्रश्न विचारतो, त्याला उत्तरात आकडा हवा असतो. त्याच्यापुढचं नाम एकवचनी, द्वितीयेत: 'कम किताबन् इंदक?' दुसरा काही विचारत नाही, तो फक्त पुष्कळपणा सांगतो. त्याच्यापुढे षष्ठी येते: 'कम किताबिन् इंदी!' मराठीत आपण पहिल्याला 'किती' म्हणतो आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा 'कित्येक'. 'कित्येक पुस्तकं आहेत माझ्याकडे' असं म्हणून वाक्य सुरळीत लागलं तर इन्, नाही लागलं तर अन्. आणखी एक खूण: पुष्कळपणाचा 'कम' घडून गेलेल्या किंवा असलेल्या गोष्टीबद्दलच येतो. 'तू उद्या किती पानं वाचशील' इथे तो येऊच शकत नाही, तिथे डोळे मिटून अन् लावा.

आता जवळून बघा. 'कम लैलतन् सहिर्त?' म्हणजे तू किती रात्री जागलास. 'कम लैलतिन् सहिर्तु!' म्हणजे कित्येक रात्री मी जागून काढल्या. स्वरचिन्हं न देता छापलं, आणि वर्तमानपत्रं ती देत नाहीत, तर ही दोन्ही वाक्यं अक्षरशः सारखी दिसतात. 'लैलत'च्या शेवटी गोल 'ता' आहे, त्यावर अन् लावताना वेगळं अक्षर येत नाही. क्रियापदाच्या 'त' आणि 'तु'मध्येही फक्त चिन्हाचा फरक. उरतं ते विरामचिन्ह.

पण 'यौम' घ्या. प्रश्नात 'यौमन्' लिहिताना शेवटी अलिफ उभा राहतो, पुष्कळपणाच्या 'यौमिन्'मध्ये तो नसतो. म्हणजे गोल 'ता' नसलेल्या साध्या पुल्लिंगी शब्दात तो अलिफ हीच चिन्हांशिवाय दिसणारी खूण. परीक्षेत तो लिहायचा राहिला की तुम्ही प्रश्नाचं उद्गारवाक्य करून ठेवता, म्हणून गुण जातात.

शब्दवेध:
मला वाटतं हा आपल्या 'कमी'तलाच 'कम' असावा. 'कम किताब' म्हणजे थोडी पुस्तकं असंही होत असेल ना? मग विभक्तीचा गोंधळ त्यातून आला असणार.

नह्वप्रेमी:
नाही. आपला 'कमी' फारसीतल्या 'कम'वरून आलाय, त्याचा अर्थ थोडा. अरबी 'कम' हा वेगळाच शब्द, उच्चार जुळला इतकंच. उर्दू येणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. 'थोडी'साठी अरबीत 'कलील' आहे.

दुबई_काउंटर:
मी बर दुबईत दुकानात उभी असते, दिवसभर ऐकते ते 'बिकम?' एवढंच. कधी 'बिकम हाझा?' म्हणजे हे केवढ्याला. पुढे नाम येतच नाही, विभक्ती कुठे लावणार? मला विचारायचंय की 'किंमत किती' म्हणताना 'कम अस्सिअर' बरोबर की 'कम सिअरन्'?

कारकवेडा:
सोपा नियम आहे: 'कम' आला की पुढचं नाम द्वितीयेत, नेहमी. म्हणजे 'कम सिअरन्'. आणि उत्तरातही तीच विभक्ती ठेवायची, 'खम्सत किताबन्' वगैरे.

नह्वप्रेमी:
कारकवेडा, दोन्हीकडे घसरलात.

किंमत विचारताना 'सिअर' ही मोजायची वस्तू नाही. किंमत एकच आहे, मोजायचे आहेत दिरहम. म्हणून 'कमि-स्सिअ्रु', 'अल्' लावून, प्रथमेत. मोजायचा शब्द इथे गाळलेला आहे: पूर्ण करून म्हटलं तर 'कम दिरहमन् अस्सिअ्रु?' 'कम उम्रुक' म्हणजे तुझं वय किती, तेही असंच, त्यात गाळलेला शब्द 'सनतन्', म्हणजे वर्ष. 'कमि-स्साअतु' म्हणजे किती वाजले, त्यातही 'साअतु' प्रथमेतच. 'कम सिअरन्' म्हटलंत तर किती किमती आहेत असं विचारल्यासारखं होईल.

आणि 'कमि'मधला तो 'इ' बघून काही जण षष्ठी समजतात. तो विभक्तीचा नाही. 'कम'चा 'म' पाय मोडका आणि पुढे 'अल्'चा जोड येतो, दोन व्यंजनं सांधायला मध्ये 'इ' घातलाय. 'कम' स्वतः कधीच बदलत नाही.

उत्तराचं म्हणाल तर तिथे विभक्ती आकडा ठरवतो, प्रश्न नाही. 'कम किताबन् इंदक?' याला पाच असतील तर 'इंदी खम्सतु कुतुबिन्': बहुवचन, षष्ठी. पंधरा असतील तर 'खम्सत अशर किताबन्': एकवचन, द्वितीया. शंभर असतील तर 'मिअतु किताबिन्': एकवचन, षष्ठी.

पानगळताईंच्या 'एकवचन का'चं उत्तरही इथेच आहे. जुने वैयाकरण म्हणत की विचारणाऱ्याला आकडा माहीत नसतो, म्हणून प्रश्नातला 'कम' मधल्या आकड्यांसारखा, म्हणजे 11 ते 99 सारखा वागतो. त्या आकड्यांपुढे एकवचनी द्वितीया येते, तीच इथे. पुष्कळपणाचा 'कम' मोठ्या आकड्यासारखा, शंभरासारखा, म्हणून 'किताबिन्'. त्याच्यापुढे 'कम कुतुबिन्' असं बहुवचनही चालतं, तीन ते दहाच्या आकड्यांसारखं, पण एकवचन जास्त आढळतं. 11 आणि 100 ही दोन रूपं तोंडपाठ असली की 'कम' वेगळा शिकावा लागत नाही.

कारकवेडा:
किमतीचं आणि उत्तराचं मान्य, तिथे मी चुकलो. पण प्रश्नाच्या 'कम'पुढे द्वितीया हे तर पक्कं ना? मग 'बिकम दिरहमिन् इश्तरैत' हे पुस्तकात कसं? हा तर सरळ प्रश्न आहे, कितीला घेतलंस असा.

नह्वप्रेमी:
चांगला मुद्दा. 'कम'च्या आधीच 'बि', 'फी' यांसारखं अव्यय आलं की प्रश्नातही षष्ठी चालते. 'बिकम दिरहमन्' आणि 'बिकम दिरहमिन्' दोन्ही बरोबर. 'फी कम यौमिन्' म्हणजे किती दिवसांत, तेही तसंच. षष्ठीचं स्पष्टीकरण असं देतात की मध्ये 'पैकी' अर्थाचा 'मिन्' दडलेला आहे. पण हे अव्यय 'कम'ला लागलेलं असायला हवं. नुसत्या 'कम दिरहमिन् इंदक'ला प्रश्न म्हणून ही सवलत मिळत नाही.

सरळवाट:
बघा, म्हणजे नियम, त्याला अपवाद, अपवादाला अट. म्हणूनच म्हणतो, सगळीकडे 'कम मिन्' वापरा. 'मिन्'नंतर षष्ठीच येते, विचार करायला नको. आणि 'केवढं' विचारायला तर तेच लागतं: 'कम मिनल्-वक्ति' म्हणजे किती वेळ, 'कम मिनल्-माइ' म्हणजे किती पाणी. पाणी काय एक-दोन करून मोजणार?

नह्वप्रेमी:
न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी बरोबर आहे तुमचं. आणखी नेमकं हवं असेल तर माप पुढे आणा: 'कम कूबन् मिनल्-माइ' म्हणजे किती पेले पाणी, 'कम लित्रन् मिनल्-हलीबि' म्हणजे किती लिटर दूध. अन् मापाला लागतो, दुधाला नाही. इथे शिकणारे हमखास 'हलीबन्' करून बसतात.

पण पुस्तकं, दिवस, माणसं यांच्यासाठी सगळीकडे 'कम मिन्' नको. 'कम मिन् किताबिन्' ऐकणाऱ्याला आधी 'कित्येक पुस्तकं' असंच वाटतं. कुराणात (2:249) 'कम मिन् फिअतिन् कलीलतिन्' आहे, म्हणजे कित्येक छोट्या तुकड्यांनी मोठ्या तुकड्यांवर मात केली. तिथे कोणी आकडा विचारत नाही. 'मिन्' खरंच लागतो तो 'कम' आणि नाम यांच्यामध्ये सकर्मक क्रियापद आलं तर. 2:211 मध्ये 'कम आतैनाहुम मिन् आयतिन्' आहे, म्हणजे आम्ही त्यांना किती खुणा दिल्या. तिथे 'मिन्' नसता तर 'आयत' हे क्रियापदाचं कर्म वाटलं असतं.

पानगळ:
मग 'कम इंदक किताबन्' असं नाम लांब नेलं तर? आमच्या वहीत तसंही एक वाक्य आहे.

नह्वप्रेमी:
प्रश्नात चालतं, अन् तसाच राहतो. पुष्कळपणाच्या 'कम'मध्ये मात्र असं अंतर पडलं की षष्ठी टिकत नाही, नाम द्वितीयेत जातं किंवा 'मिन्' घ्यावा लागतो. म्हणजे नाम लांब गेलं की शेवटावरून दोन्ही 'कम' ओळखता येत नाहीत. तेवढ्यापुरता सरळवाटांचा मुद्दा खरा आहे, संदर्भच बघावा लागतो.

सरळवाट:
तेच तर. आणि वाक्य नामावर संपलं की थांबताना 'किताबन्'चा 'किताबा' होतो, 'सनतन्'चा 'सनह'. म्हणजे शुद्ध वाचणाराही शेवट गिळतोच. तुमची 'कित्येक'ची कसोटीही टोमण्यात हरते. 'किती रात्री जागलास रे अभ्यासाला!' असं मराठीत म्हटलं तर तो प्रश्न की उद्गार? अन् लावायचा की इन्?

नह्वप्रेमी:
ह्याच जागी जुने लोकही अडले आहेत. उमय्या काळातला कवी फरज़दक आपला प्रतिस्पर्धी जरीर याला हिणवतो की तुझ्या कित्येक आत्या आणि मावश्यांनी माझ्या उंटिणींचं दूध काढलं. त्यातला 'अम्मत' म्हणजे आत्या हा शब्द तीन तऱ्हांनी वाचला जातो. 'अम्मतिन्' वाचलं तर पुष्कळपणा. 'अम्मतन्' वाचलं तर खोचक प्रश्न, 'किती आत्या रे तुझ्या, विसरलो मी', अशा थाटाचा. 'अम्मतुन्' वाचलं तर आत्या एकच, आणि 'कम' म्हणजे कित्येक वेळा. तुमच्या टोमण्याला मी अन् लावेन, कारण रूप प्रश्नाचं आहे.

कारकवेडा:
मी इन् लावेन. उत्तराची अपेक्षाच नाही तर प्रश्न कसला?

पानगळ:
'कुतुब' खोडलं. 'यौमन्'चा अलिफ आणि 11, 100 ची जोडी वहीत उतरवली. टोमण्याचं वाक्य उद्या सरांनाच विचारते, कुठला शेवट लावतात ते इथे लिहीन.