दावा मूळ नंबरावर घेण्यासाठी कोणता पुरावा लागतो?

> वडील तारखेला दवाखान्यात ॲडमिट होते. वकीलही गेले नाहीत, दावा गैरहजेरीत काढून टाकला. आता काय पुरावा द्यायचा?

आधी त्या तारखेच्या रोजनाम्याची नक्कल काढा. प्रतिवादी किंवा त्यांचे वकील हजर होते का, हे त्यात दिसेल. हजर असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली अर्ज करावा लागतो, आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. म्हणून हा अर्ज हातचा जाऊ देऊ नका. मुदत ३० दिवस, तीही दावा काढल्याच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. उशीर झाला असेल तर मुदत कायदा कलम ५ चा विलंब माफीचा वेगळा अर्ज सोबत लावा.

कोर्ट बघतं ते एवढंच, की त्या दिवशी न येण्याला पुरेसं कारण होतं का. वडिलांचं डिस्चार्ज कार्ड लावा. त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, सुनावणीची तारीख त्या दोहोंमध्ये बसली पाहिजे. नंतर आणलेल्या 'आजारी होते, विश्रांतीचा सल्ला दिला' अशा नुसत्या दाखल्यावर समोरची बाजू हमखास हरकत घेते. औषधांची बिलं, केसपेपरही जोडा.

वकील का आले नाहीत, हा प्रश्न येणारच. त्यांचं स्वतःचं शपथपत्र घ्या. माझ्या मते बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात. समोरच्याला नोटीस गेल्याशिवाय आदेश होत नाही, खर्च भरायची तयारी ठेवा. अर्ज फेटाळला तर आदेश ४३ खाली अपील आहे.