मदत हवी आहे: शेवटची तारीख ठरलेली आहे, मोठ्या अहवालाचे टप्पे उलटे कसे आखायचे?

केतकीबन
नमस्कार. एका संशोधन प्रकल्पाचा अंतिम अहवाल ३० नोव्हेंबरला, सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत संकेतस्थळावर चढवायचा आहे. मुदतवाढ नाही, हे लेखी कळवलं आहे. आज ७ सप्टेंबर, सोमवार. हातात बरोबर १२ आठवडे. सहा प्रकरणं, मजकूर साधारण ७० पानं, परिशिष्टं वेगळी. मी दोन आठवड्यांना एक प्रकरण असं वाटून घेतलं आहे. मार्गदर्शक मॅडम एकदा सगळं वाचून देणार आहेत. शनिवार-रविवार धरलेले नाहीत. शेवटापासून उलटं आखा असं सगळे सांगतात, पण टप्पे नेमके कुठे टाकायचे ते कळत नाही.

हेमंत_द
वाटणी ठीक आहे. फक्त प्रत्येक प्रकरणाला जेवढे दिवस लागतील असं वाटतं, त्यात वीस टक्के जास्त धरा. म्हणजे कुठे अडकलात तरी पुढचं वेळापत्रक कोलमडत नाही.

साळुंकी७
केतकीबन, तुमच्या वाटणीत सहावं प्रकरण ३० नोव्हेंबरलाच संपतंय. मग मॅडम वाचणार कधी? उलटं आखताना लिहिण्याचे दिवस सगळ्यात शेवटी मोजायचे. आधी जे दिवस तुमच्या हातात नाहीत ते मांडा, म्हणजे वाचणाऱ्याचे आणि फाईल चढवण्याचे.

तुमच्याच तारखा घेऊन मागे जाऊ. फाईल शुक्रवारी, २७ नोव्हेंबरला चढवायची. सोमवार कामाचा दिवस धरायचाच नाही. शेवटच्या तासांत संकेतस्थळ अडतं, फाईल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघते. त्याआधी २५ ते २७ हे तीन दिवस फक्त मांडणीचे: आकृत्यांचे क्रमांक, अनुक्रमणिका, संदर्भसूची, पीडीएफ. या दिवसांत वाक्य बदलायचं नाही. एक परिच्छेद सरकला की पानं सरकतात आणि अनुक्रमणिका पुन्हा तपासावी लागते. म्हणून २४ नोव्हेंबर, मंगळवार, ही मजकूर गोठवायची तारीख. मॅडमच्या सूचना घालायला त्याआधीचे पाच दिवस, १८ ते २४. मॅडमना वाचायला दहा दिवस, ४ ते १७ नोव्हेंबर. म्हणजे पूर्ण मसुदा ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या हातात हवा. (दिवस म्हणजे सगळीकडे कामाचे दिवस.)

हेमंत, जादा वेळ हवा हे बरोबर, पण प्रत्येक प्रकरणात नको. प्रकरणाला दहाऐवजी बारा दिवस दिले की ते बारा दिवस घेतं, आणि खरी अडचण येते तेव्हा शिल्लक काहीच नसतं. सगळा जादा वेळ एका जागी, पूर्ण मसुदा पाठवण्याच्या आधी ठेवायचा. इथे २८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, पाच दिवस. त्याच्याही आधी २३ ते २७ ऑक्टोबरमधले तीन दिवस सहाही प्रकरणं सलग वाचायला. एकाच गोष्टीला दोन प्रकरणांत दोन नावं पडलेली, किंवा तक्त्यात एक आकडा आणि मजकुरात दुसरा, हे तेव्हाच सापडतं. तर सहाही प्रकरणांचा पहिला मसुदा २२ ऑक्टोबर, गुरुवारपर्यंत. लिहायला उरले ३४ दिवस.

आता सांगा, दिवसाला खरोखर किती पानं होतात? ठरवलेली नकोत, झालेली सांगा.

दिगंत_रेषा
आमचा अहवाल तिघं मिळून लिहितो आहोत आणि तारीख अजून ठरलेली नाही. अशी आखणी आम्हालाही चालेल का? वेळापत्रकाचा पट्ट्यांचा तक्ता काढून देणारं एखादं सॉफ्टवेअर सुचवा.

साळुंकी७
तारीखच नसेल तर मागे मोजायला टोक नाही. तिघांनी आधी पूर्ण मसुद्याची एक तारीख आपसात ठरवा. सॉफ्टवेअर लागत नाही, कागदावर तारखांची एक उभी ओळ पुरते.

केतकीबन
प्रास्ताविकाची ९ पानं झाली आहेत, त्याला सहा दिवस लागले. दुसरं म्हणजे, तुमची मांडणी पाहून मॅडमना विचारलं. ९ ते १३ नोव्हेंबर त्या प्रवासात आहेत, वाचणार नाहीत.

साळुंकी७
आज विचारलंत हे फार बरं झालं. दोन्ही गोष्टींनी आखणी बदलते.

मॅडमचे दहा दिवस १७ नोव्हेंबरलाच संपवायचे, तर मधला आठवडा वगळून सुरुवात २८ ऑक्टोबरला येते. मसुदा २७ च्या संध्याकाळी पाठवावा लागेल. म्हणजे राखीव पाचही दिवस तिथेच गेले.

लिहिण्याचं गणित: उरली ६१ पानं. दिवसाला दीड पानाने ३४ दिवसांत ५१ होतात. दहा पानं जास्त आहेत, आणि हे ऑक्टोबरच्या शेवटी कळण्याऐवजी आज कळलंय. वेग वाढवेन असं धरू नका. निष्कर्षांचं प्रकरण प्रास्ताविकापेक्षा हळूच जातं, कारण तक्ता बदलला की त्याखालचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो. तेव्हा मजकूर कमी करा. मोठे तक्ते परिशिष्टात न्या आणि पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा आखूड करा, दहा पानं बहुधा त्या दोन ठिकाणीच निघतील. आकड्यांनाही तारीख द्या: निष्कर्षांचा पहिला शब्द लिहायच्या आधी सगळे तक्ते अंतिम. तिथून पुढे नवीन आकडे घ्यायचे नाहीत.

वाटसरू_मी
मॅडमना प्रकरणं सुटी सुटी देता येतील की. कार्यपद्धती आणि आढावा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिला, तर शेवटी त्यांना वाचायला कमी उरेल. दहाऐवजी सहा दिवस पुरले तर राखीव दिवसांतले चार परत मिळतात.

हेमंत_द
हे मला पटत नाही. सुटं वाचणारा माणूस शेवटी “आता सगळं एकत्र दाखवा” म्हणतोच. मग दोनदा वाचन आणि दोनदा दुरुस्त्या.

साळुंकी७
दोघांचं म्हणणं वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. सुटं द्यायचं तर कार्यपद्धती द्या. पुढच्या प्रकरणांमुळे ती फारशी बदलत नाही. आढावा देऊ नका. निष्कर्ष लिहिताना त्यात भर पडते आणि मॅडमचं वाचन वाया जातं. पण सहा दिवस पुरतील का, ते मॅडमच सांगू शकतात. त्यांच्याकडून होकार येईपर्यंत दहाच धरा.

आणखी एक. टप्पा असा लिहा की झाला की नाही हे दुसऱ्याला दिसलं पाहिजे. “प्रकरण ४ ऐंशी टक्के झालं” हा टप्पा नाही, ते ऐंशी टक्के तीन आठवडे तसेच राहतात. “प्रकरण ४, रिकाम्या जागा न ठेवता, २ ऑक्टोबरला मॅडमच्या मेलमध्ये” हा टप्पा. न वाचता त्यांनी नुसतं ठेवून घेतलं तरी चालेल.

केतकीबन
कार्यपद्धती ९ ऑक्टोबरला पाठवते आणि सहा दिवसांचं विचारते. आढाव्यातली सहा पानं निघतील असं दिसतंय. उरलेली चार तक्त्यांमधून निघतात का ते बघते आहे. सारांश कधी लिहायचा?

साळुंकी७
२३ ते २७ ऑक्टोबरच्या सलग वाचनात, शेवटच्या दिवशी. त्याआधी लिहिलात तर निष्कर्ष बदलले की तोही बदलावा लागेल.