भाव आणि लवचिकतेवरून शेव उत्पादकाचा सीमांत खर्च काढायचाय, सूत्र कोणतं धरू?

रेवाकाठ: इंदूरमधल्या एका नमकीन उत्पादकाचा लवंग शेवेचा सीमांत खर्च अंदाजायचा आहे. दुकानातला भाव जीएसटी वगळून २४० रुपये किलो. शहरातल्या एकूण शेवेच्या मागणीची लवचिकता १.५ आली (ऋण चिन्ह सोडून) आणि या उत्पादकाचा वाटा ३० टक्के. मक्तेदारी धरली तर खर्च ८० येतो, पूर्ण स्पर्धा धरली तर २४०. इतक्या तफावतीत कशावर विसंबू?

गणपतीघाटी: लर्नरचं सूत्र आहे ना. नफ्याचं भावाशी प्रमाण म्हणजे एक भागिले लवचिकता. २४० चे दोन तृतीयांश गेले, उरले ८०. तोच खर्च.

मोजमाप: सूत्र बरोबर आहे, पण त्यात लवचिकता त्या विक्रेत्याच्या स्वतःच्या मागणीची लागते. ताईंनी काढलेली आहे सगळ्या बाजाराची. ती थेट घातली की शहरात एकच शेववाला आहे असं धरल्यासारखं होतं, किंवा सगळे संगनमतानं एका घरासारखे भाव ठरवतात असं. बाजाराचीच लवचिकता हातात असेल आणि विक्रेते माल किती काढायचा हे ठरवून स्पर्धा करत असतील, तर कूर्नोचं रूप वापरा:

```
MC = P * (1 - s/e)
```

s म्हणजे वाटा, e बाजाराची लवचिकता. ०.३ भागिले १.५ म्हणजे ०.२, म्हणून १९२ रुपये. स्वतःची लवचिकता मिळाली तर मात्र त्यात वाटा पुन्हा घालू नका. मग नफा फार लहान दिसतो आणि खर्च फुगतो. ही चूक सर्रास होते.

आणि एक विचारतो, २४० हा भाव कोणाचा? उत्पादकाचा की दुकानदाराचा?

रेवाकाठ: दुकानाचा. कारखान्यातून २०० ला निघते.

मोजमाप: मग १९२ हा खर्च उत्पादकाचा नव्हेच, त्यात दुकानदाराचे ४० मिसळलेत. P म्हणून २०० घ्या. लवचिकताही बदलेल का, ते दुकानदार कसा वागतो त्यावर आहे. तो किलोमागे ठरावीक ४० रुपये घेत असेल, तर कारखान्याचा भाव १ टक्का वाढल्यावर दुकानातला भाव ०.८३ टक्केच वाढतो. म्हणून लवचिकता १.५ ची १.२५ होते आणि खर्च १५२ येतो. तो टक्केवारीनं घेत असेल तर १.५ च राहते, खर्च १६०.

पापडवाली_सुदामानगर: माझा पापडाचा खर्च किलोला ९० पडतो. लवचिकता ३ धरली तर भाव किती ठेवू?

मोजमाप: ताई, तुमचा प्रश्न उलट दिशेचा आहे. ३ ही तुमच्याच पापडाच्या मागणीची लवचिकता असेल तर ९० ला ३/२ नं गुणा, १३५ येतील. पण त्या ९० मध्ये जागेचं भाडं धरलं असेल तर आधी ते काढा. एक किलो जास्त केल्यानं वाढतो तेवढाच खर्च इथे मोजायचा.

गणपतीघाटी: म्हणजे माझे ८० बादच?

मोजमाप: पडताळून पाहू. किलोभर शेवेला सुमारे ६०० ग्रॅम बेसन आणि ३०० ग्रॅम तेल लागतं असं समजा. बेसन १०० आणि तेल १५० धरलं तर दोन्ही मिळून १०५ रुपये. मसाला, गॅस, मजुरी, पिशवी धरून १४०–१५० च्या आसपास जाईल. कारखान्याच्या भावावर, लवचिकता १.२५ धरून, तुमचं सूत्र लावलं तर खर्च ४० येतो, त्यात बेसनसुद्धा येणार नाही. संगनमताची शक्यता इथे बरीच मागे पडते.

दुपारची_पोहे: पण शेव काही गव्हासारखी एकसारखी नाही. लोक ब्रँड धरून बसतात, तिथे कूर्नो कशाला? दुसरं म्हणजे दिवाळीत मागणी आणि भाव दोन्ही चढतात, तेव्हा साध्या प्रतिगमनात लवचिकता खरीपेक्षा कमी दिसते. ताईंचे १.५ त्यातलेच नसतील ना?

रेवाकाठ: तेलाच्या भावाचं साधन वापरलंय, सणांचे आठवडे वेगळे धरलेत.

मोजमाप: तेल चांगलं साधन आहे, ते मागणी न हलवता खर्च हलवतं. तरी आठवड्याच्या आकड्यांत उलटी चूक राहते. सवलत लागली की लोक डबे भरून ठेवतात आणि लवचिकता जास्त दिसते. महिन्याच्या बेरजा घेऊन पुन्हा पाहा.

ब्रँडचा मुद्दा मला मान्य आहे. उत्पादकाची स्वतःची लवचिकता ४ असेल तर २०० वर खर्च १५० येतो, म्हणजे कूर्नोच्या १५२ जवळच. त्यामुळे खर्चाचा आकडा जुळला म्हणून स्पर्धेचा प्रकार सिद्ध होत नाही.

दुपारची_पोहे: मग २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यातलं किती ग्राहकापर्यंत उतरलं त्यावरून ठरवता येईल का?

मोजमाप: मोह होतो, पण अडचण दोन जागी आहे. त्याच दिवशी नवरात्र बसलं, मागणीही हलली. शिवाय कपात किती उतरते हे मागणीच्या वक्राच्या वळणावरही ठरतं. सरळ रेषेच्या मागणीत मक्तेदार खर्चातल्या बदलाचा निम्माच भाग उतरवतो, स्थिर लवचिकतेत पूर्णापेक्षा जास्त. वळण माहीत नसताना मी त्यावरून प्रकार ठरवणार नाही.

दुपारची_पोहे: मला तरी नवरात्र सोडून नोव्हेंबरनंतरचे महिने आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावंसं वाटतं.

रेवाकाठ: दुकानदार ४० रुपये घेतात की टक्केवारी, हे आधी विचारते. तोवर १५२ ते १६० लिहून ठेवते.